प्रत्येक माणूस एकदाच आणि एकाच गावात: नव्या प्रगणकासाठी जनगणनेची वाट

जनगणनेच्या ड्युटीचा आदेश हातात पडला की बहुतेक शिक्षकांच्या आणि तलाठ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो घरोघर फिरायचा आणि फॉर्म भरायचा. फिरणं आहेच, पण अवघड भाग वेगळाच आहे. देशातला प्रत्येक माणूस मोजला गेला पाहिजे, तो एकदाच मोजला गेला पाहिजे आणि तो नेमका कुठल्या गावचा धरायचा हे ठरलं पाहिजे. २०११ साली सुमारे २७ लाख कर्मचाऱ्यांनी मिळून १२१ कोटी माणसं अशी मोजली. पुढची जनगणना कोविडमुळे रखडली. आता घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ आणि माणसांच्या मोजणीसाठी फेब्रुवारी २०२७ ठरला आहे. कागदाच्या जागी मोबाइल अ‍ॅप आलं, घरबसल्या स्वतःच माहिती भरायची सोय आली, सगळ्यांची जात नोंदवायची हेही ठरलं. पण माणूस मोजायचे मूळ नियम फार बदलत नाहीत. म्हणून इथे २०११ ची पद्धत पायाला धरून सांगतो.

आधी हद्द, मग दार

सगळा देश छोट्या तुकड्यांत वाटलेला असतो. या तुकड्याला प्रगणन गट म्हणतात. एका गटात साधारण सहाशे-साडेसहाशे माणसं, म्हणजे सव्वाशे-दीडशे घरं. एक गट एका प्रगणकाचा, साधारण सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक, आणि ग्रामीण भागात त्यांच्यावर चार्ज अधिकारी म्हणून तहसीलदार. गटांच्या हद्दी एकमेकींना चिकटून असतात. मधे फट राहिली तर तिथली घरं कुणाच्याच यादीत येत नाहीत आणि हद्दी एकमेकींवर चढल्या तर तीच घरं दोनदा येतात. म्हणून पहिल्या दिवशी एकही दार न ठोठावता पूर्ण हद्दीवरून चालून या. शेजारच्या गटाचा प्रगणक बरोबर असेल तर उत्तम. ‘ओढ्यापलीकडचं तुझं, अलीकडचं माझं’ हे प्रत्यक्ष ओढ्यावर उभं राहून ठरवावं, तालुक्याला चहाच्या टपरीवर नाही.

मग नजरी नकाशा. यात रस्ते, देऊळ, विहीर, शाळा आणि गटातली प्रत्येक इमारत येते. कागदी नकाशात पक्क्या घराला चौकोन आणि कच्च्याला त्रिकोण काढायचे आणि वायव्येच्या कोपऱ्यापासून क्रमांक द्यायला सुरुवात करायची. बंद घर, गोठा, पिठाची गिरणी, कुणी राहत नसलेला वाडा, सगळ्यांना क्रमांक मिळतो. रिकामं म्हणून घर सोडलं तर फेब्रुवारीत तिथे राहायला आलेला भाडेकरूही सुटतो.

घरयादीत इमारत, घर आणि कुटुंब या तीन गोष्टी वेगळ्या असतात. एका वाड्यात दोन भाऊ राहतात, अंगण एक, पण चुली दोन, तर ती दोन कुटुंबं. उलट चार भाऊ आणि त्यांची बायका-मुलं एकाच स्वयंपाकघरात जेवत असतील तर माणसं वीस असली तरी कुटुंब एकच. इथे लोक रेशनकार्ड काढून दाखवतात. कार्डं तीन आहेत म्हणून कुटुंबं तीन असं समीकरण धरू नका. चूल कुठे पेटते ते विचारा. वसतिगृह आणि तुरुंग यांची नोंद संस्थात्मक कुटुंब म्हणून वेगळी होते.

कोण कुठला?

खरी कसोटी इथे आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या बाजूचं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि तीन नातवंडं. दिवाळीनंतर मुलगा आणि सून मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर गेले, म्हणजे ऊसतोडीला. धाकटं पोर त्यांच्या बरोबर आहे. थोरली दोघं शाळा बुडू नये म्हणून आजीजवळ राहिली. फेब्रुवारीत प्रगणक दारात येतो तेव्हा घरात चार माणसं आहेत. आजी सांगते सात.

यातली किती लिहायची? २०११ साली माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. माणूस नेहमी तिथेच राहतो आणि या काळात घरी आहे, तर तिथेच लिहायचा. तो लेकीकडे चार दिवस गेला आहे पण २८ तारखेच्या आत परत येणार आहे, तरीही त्याच्या घरीच लिहायचा आणि लेकीच्या घरी सोडायचा. पण जो हा सगळा काळ घराबाहेर आहे त्याला गावात लिहायचं नाही. तो जिथे सापडेल तिथे मोजला जाईल. म्हणजे धारूरच्या घरात चारच नावं येणार. मुलगा, सून आणि धाकटा नातू हे तिघं साताऱ्याकडच्या किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या उसाच्या फडात, कोपीत म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत सापडतील आणि त्या गावच्या लोकसंख्येत जमा होतील.

आजीला हे पटणार नाही. ‘माझा लेक या गावचा, त्याचं नाव कसं लिहीत नाही तुम्ही?’ हा प्रश्न येणारच. तिच्या समाधानासाठी नाव लिहिलं की तो माणूस दोनदा मोजला जायची पाळी येते. तिला सांगायचं एवढंच की नाव कापलेलं नाही, मोजणी तिकडे होणार आहे. आणि या मोजणीने मतदारयादीला किंवा रेशनकार्डाला धक्का लागत नाही.

आता तिकडची बाजू पाहा. घरयादी झाली तेव्हा उसाच्या फडात एकही कोपी नव्हती, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी असतात. कोप्या दिवाळीनंतर उभ्या राहिल्या. त्यामुळे तिकडच्या प्रगणकाने उन्हाळ्यातली यादी हातात धरून फक्त तीच दारं ठोठावली तर शे-दीडशे माणसांचा अख्खा तळ त्याच्या नजरेतून सुटतो. धारूरचा प्रगणक नियमाने वागला, तिकडच्याने आळस केला, की तिघंही देशाच्या लोकसंख्येतून गायब. म्हणून फेब्रुवारीत मोजणीला बसण्याआधी नकाशा आणि यादी ताजी करणं हे वेगळं काम दिलेलं असतं, आणि साखर पट्ट्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं. कारखान्याच्या शेतकी विभागात किंवा मुकादमांकडे चौकशी केली तर टोळ्या कुठे उतरल्यात ते अर्ध्या तासात कळतं. वीटभट्ट्या, दगडखाणी, रस्त्याच्या कामावरचे तळ आणि मेंढपाळांचे वाडे यांचंही असंच आहे.

टोळी एका जागी महिनाभर राहील याचाही भरवसा नाही. एका शिवारातला ऊस संपला की बैलगाड्या जुंपून दुसऱ्या शिवारात. म्हणून प्रत्येक कोपीत पहिला प्रश्न हवा तो ‘या महिन्यात आधी कुणी येऊन तुमची नावं लिहून नेली का?’ हो म्हणाले तर कुठे आणि कुणाची ते नीट विचारा. बऱ्याचदा ते कारखान्याच्या माणसाबद्दल किंवा लसीकरणाच्या ताईंबद्दल बोलत असतात. वेळ साधावी ती अंधार पडल्यावर. दिवसा कोपीत फार तर एखादी म्हातारी आणि लहान पोरं भेटतात, आणि पोरांनी सांगितलेली वयं काय असतात हे शिक्षकांना मी सांगायला नको.

मध्यरात्रीचा क्षण

वीस दिवस मोजणी चालली तर त्या काळात माणसं जन्मतात आणि मरतात. म्हणून सगळा देश एका क्षणाला थांबवल्यासारखा धरतात. हा क्षण म्हणजे १ मार्चचे शून्य वाजून शून्य मिनिटं. २०११ ला तोच होता, २०२७ लाही तोच आहे. फक्त लडाख आणि हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ठरला आहे, कारण तिथे फेब्रुवारीत वाटा बंद असतात.

समजा तुम्ही १४ तारखेला कोपीत जाऊन आलात आणि २६ ला तिथल्या एका बाईला मुलगी झाली. २०११ मध्ये १ ते ५ मार्च उजळणीची फेरी होती. त्यात त्या मुलीचं नाव वाढवायचं. २ मार्चला जन्मलेलं मूल मात्र तुमच्या पुढ्यात रडत असलं तरी लिहायचं नाही. आणि आजोबा १ मार्चच्या पहाटे तीनला वारले असतील तर त्यांचं नाव तसंच राहतं, कारण मध्यरात्री ते हयात होते. घरात सुतक असताना हे लिहिणं जड जातं, पण नियम असा आहे.

ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी एकाच रात्रीत, २८ फेब्रुवारीला होते. फलाट, देवळाच्या पायऱ्या, पुलाखालची जागा, बाजारातल्या बंद दुकानांचे ओटे. ही माणसं रोज जागा बदलतात, म्हणून त्यांच्यासाठी वीस दिवसांची मुदत उपयोगाची नसते. अशा जागा चार दिवस आधी रात्री फिरून हेरून ठेवाव्या लागतात.

विचारायचं कसं

२०११ च्या कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. त्यातले बरेच सरळ आहेत. दोन ठिकाणी मात्र प्रश्न वाचून दाखवला आणि उत्तर टिपलं असं चालत नाही.

पहिलं ठिकाण वयाचं. म्हातारी माणसं साठ, पासष्ट, सत्तर अशीच वयं सांगतात. आजी म्हणते, ‘असेन साठ-पासष्टची.’ तिला विचारा, बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता? ‘खडी फोडायला जात होते की, थोरला कडेवर होता.’ १९७२ ला जिच्या कडेवर मूल होतं ती तेव्हा सतराची जरी धरली तरी २०२७ मध्ये बहात्तरची होते. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, साताऱ्याकडे कोयनेचा, पुण्यात पानशेतचा पूर. प्रत्येक भागाच्या अशा खुणा असतात. आपलं काम कसं झालंय ते ताडायची सोपी युक्तीही आहे. वयाच्या शेवटी येणारे आकडे दहा, त्यातले शून्य आणि पाच हे दोन. म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाचं वय या दोन आकड्यांनी संपायला हवं. तुमच्या गटात मोठ्या माणसांतल्या निम्म्यांची वयं तशी निघाली तर वयं विचारली गेलेली नाहीत, अंदाजाने टाकली गेली आहेत.

दुसरं ठिकाण बाईच्या कामाचं. ‘काम करता का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नाही, घरीच असते.’ आणि दारातला नवरा मान डोलावतो. हीच बाई स्वतःच्या रानात खुरपते, दोन म्हशींचं शेण-पाणी करते आणि दूध काढते. जनगणनेच्या व्याख्येत मजुरी न घेता घरच्या शेतात केलेलं काम हे काम धरतात. दूध फक्त घरी खायला असलं तरी धरतात. स्वयंपाक आणि धुणीभांडी धरत नाहीत. म्हणून विचारायचं ते असं: कापूस वेचायला कोण जातं? धारा कोण काढतं? वर्षातले किती महिने? सहा महिने किंवा जास्त असेल तर ती मुख्य काम करणारी, कमी असेल तर सीमांतिक. ऊसतोड करणारी सून तर नवऱ्याइतकाच ऊस तोडते आणि मोळ्या डोक्यावरून वाहते. मजुरी दोघांच्या जोडीची धरतात आणि हिशेब मुकादम नवऱ्याशी करतो, म्हणून ती ‘घरकाम’ या खान्यात जाऊ देऊ नका.

कायद्याचं थोडं. १९४८ च्या जनगणना अधिनियमाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. पण त्याच कायद्यात एक गमतीशीर आणि समजूतदार सूट आहे: रिवाजामुळे नवऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तर ते सांगायची सक्ती बाईवर करता येत नाही. अशा वेळी पोराला विचारा. तुम्हाला मिळालेली माहिती गुप्त असते. ती नोंद कुणाला पाहायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. करवाला येईल, घर पाडतील, या भीतीने लोक माणसं लपवतात तेव्हा हे कलम साध्या शब्दांत सांगावं. ज्यांनी ऑनलाइन माहिती भरली आहे त्यांना एक क्रमांक मिळतो. तो घेऊन पडताळणी करायची, पण तरी त्या दारात जायचंच.

हे आकडे जातात कुठे

रेशनपासून सुरू करू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य द्यायचं ठरलं. टक्के कशाचे, तर प्रसिद्ध झालेल्या ताज्या जनगणनेतल्या लोकसंख्येचे. २०११ च्या आकड्यावरून देशासाठी सुमारे ८१ कोटी ही संख्या आली. एकंदर लोकसंख्येच्या ती दोन तृतीयांश होते. त्यानंतर माणसं वाढत गेली, आकडा तिथेच राहिला. लोकसंख्या १४० कोटी धरली तर त्याच प्रमाणात ९३-९४ कोटी व्हायला हवेत. मधल्या बारा कोटींना कायद्याने नाकारलेलं नाही, ती मोजलीच गेलेली नाहीत. तहसील कार्यालयात ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थींची संख्या भरली, असं ऐकून परत फिरलेलं कुटुंब तुम्ही पाहिलं असेल, तर त्याचं एक मूळ इथे आहे.

मग गावचा कारभार. महाराष्ट्रात लोकसंख्या १५०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीत सात सदस्य असतात, त्याहून वर गेली की नऊ. आता धारूरकडच्याच एखाद्या गावाची कल्पना करा, जिथे नेहमीची वस्ती १५६० आहे. फेब्रुवारीत त्यातली दोनशे माणसं ऊसतोडीला गेली आहेत. मोजणीत गाव १३६० चं निघतं आणि पुढची जनगणना येईपर्यंत सातच सदस्यांवर राहतं. ती दोनशे माणसं साखर पट्ट्यातल्या गावांच्या खात्यावर दिसतात, पण तिथे त्यांना मत नाही आणि एप्रिलनंतर ती तिथे नसतातही. म्हणजे मोजणी चोख होऊनसुद्धा हा तिढा उरतोच. माझ्या मते फेब्रुवारी हा महिना देशाला सोयीचा असेल, पण मराठवाड्याला तो महाग पडतो.

संसदेतल्या जागांचा मामला आणखी जुना आहे. लोकसभेच्या जागा राज्याराज्यांत वाटल्या आहेत त्या १९७१ च्या लोकसंख्येवर. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ही वाटणी गोठवली आणि पुढे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती तशीच ठेवायचं ठरलं. नवी वाटणी झाली तर आपला वाटा घटेल, म्हणून २०२७ च्या आकड्यांकडे दक्षिणेतली राज्यं धास्तीने पाहतात.

आणि कधी कधी एकच आकडा सगळ्यांची झोप उडवतो. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली किती, हे गुणोत्तर बीड जिल्ह्यात २००१ ला ८९४ होतं. २०११ ला ते ८०७ वर आलं. दवाखान्यांच्या नोंदी काहीही सांगोत, प्रत्येक घरात जाऊन नाव, वय आणि लिंग लिहिलेल्या कागदांची बेरीज खोटं बोलली नाही. एखादी नमुना पाहणी काही हजार घरांतून राज्याचा अंदाज देऊ शकते. जिल्हा, तालुका, गाव इतक्या खाली उतरायला सगळी घरं लागतात. शिवाय त्या पाहण्यांसाठी घरं निवडायला जी गावांची आणि गटांची यादी वापरतात तीही जनगणनेतूनच येते. यादी जुनी झाली की दरम्यान वाढलेली उपनगरं तिच्यात नसतात, आणि आरोग्याच्या किंवा रोजगाराच्या पाहणीचा अंदाज तिथूनच कलायला लागतो.

किती सुटले, हे कसं कळतं

मोजणी संपली की काही निवडक गटांत दुसरे लोक जाऊन पुन्हा स्वतंत्रपणे मोजतात. या लोकांना पहिली यादी दाखवत नाहीत. नंतर दोन्ही याद्या नाव-वय-नातं लावून जुळवतात. दुसऱ्या यादीत आहे पण पहिल्यात नाही तो सुटलेला. पहिल्या यादीत जो दोन ठिकाणी आहे तो दुबार. २०११ च्या अशा पडताळणीत निव्वळ हिशेबाने हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. १२१ कोटींवर हे प्रमाण लावलं तर पावणेतीन कोटींच्या पुढे जातं. खेड्यांपेक्षा शहरांत जास्त सुटतात: कुलूप लावून कामावर गेलेली जोडपी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, पोटभाडेकरू.

हे कळल्यावर सरकार मूळ आकड्यात ती माणसं वाढवत नाही. भारतात जाहीर होणारी लोकसंख्या ही मोजलेलीच असते. सुटलेल्यांचा अंदाज वेगळ्या अहवालात छापतात. त्यामुळे तुमच्या गटात सुटलेली कोपी नंतर कुठल्याही दुरुस्तीने भरून येत नाही. बंद दारावर तीन वेगवेगळ्या वेळी जा: सकाळी सातच्या आत, रात्री आठनंतर आणि एका रविवारी. तरी उघडलं नाही तर शेजाऱ्याकडून ते घर खरंच रिकामं आहे की माणसं फक्त कामावर आहेत एवढं विचारून घ्या, आणि उजळणीच्या फेरीत आधी त्याच दारांकडे वळा.